फोटोतला पूर कुठल्या सालचा?

पंचगंगेचं पाणी किती चढलं हे कोल्हापूरकर राजाराम बंधाऱ्यावरून सांगतात. 39 फुटांना इशारा आणि 43 फुटांना धोका, हे आकडे इथल्या शाळकरी पोरांनाही पाठ असतात. ऑगस्ट 2019 मध्ये ते पाणी साडेपंचावन्न फुटांच्या वर गेलं. मग दोन वर्षं पुरी व्हायच्या आत, जुलै 2021 मध्ये, ते पुन्हा 56 फुटांपर्यंत पोचलं. दोन्ही वेळा शिरोलीजवळ पुणे-बेंगळुरू महामार्ग बंद पडला. दोन्ही वेळा शाहूपुरी, व्हीनस कॉर्नर, नागाळा पार्क, सुतारवाडा पाण्यात गेले. त्याच गल्ल्या, तीच दुकानं, भिंतीवरची खूणसुद्धा जवळजवळ त्याच उंचीवर.

विम्याच्या दृष्टीनं ही गोष्ट फार अवघड आहे. एकाच दुकानाची दोन पुरांतली छायाचित्रं एकाच मोबाईलमध्ये पडून असतात आणि पहिल्या नजरेत ती एकसारखी दिसतात. चिखल तसाच, उलटलेले खोके तसेच, शटरवरची रेघ तशीच. 2021 च्या दाव्याला जोडलेला फोटो खरंच 2021 चा आहे का, हे ठरवायचं कसं? विमा कंपनीच्या बाजूनं नुकसान मोजणाऱ्या सर्वेक्षकापुढचा, म्हणजे आपल्या बोलण्यातल्या सर्व्हेअरपुढचा, हा खरा प्रश्न. खोटे फोटो म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे संगणकावर रंगवलेली चित्रं येतात. पूरग्रस्त शहरात मात्र त्याहून साधी आणि पकडायला कठीण लबाडी म्हणजे खऱ्या नुकसानीचा खरा फोटो चुकीच्या सालात वापरणं.

नियम असा की दुकानाच्या दाव्यात नुकसान एक लाखाच्या वर आणि वाहनाच्या दाव्यात पन्नास हजारांच्या वर असेल, तर परवानाधारक सर्वेक्षकानं पाहणी करायची. विमा नियामक प्राधिकरणाच्या 2015 च्या नियमांनी ही मर्यादा घातली. त्याखालचे दावे कंपनी स्वतः निकालात काढू शकते आणि तिथं फोटोवरच बरीच भिस्त असते. पण मोठ्या दाव्यातही फोटोला सुट्टी नसते. 2021 मध्ये रस्ते पाण्याखाली होते, वर कोरोनाची बंधनं होती. सर्वेक्षक दारात पोचेपर्यंत दुकानदारानं चिखल काढलेला, सडका माल बाहेर टाकलेला. तो तरी काय करणार? कुजका वास आणि रोगराई घेऊन आठवडाभर बसून राहा, असं कुणी कुणाला सांगू शकत नाही. म्हणजे सर्वेक्षक येतो तेव्हा नुकसान संपलेलं असतं आणि राहतात ते फोटो.

एक दावा हातात घेऊन पाहू. तो मी रचलेला आहे, पण त्यातली प्रत्येक गोष्ट या कामात नेहमी समोर येणारी आहे. शाहूपुरीतलं इलेक्ट्रिकल सामानाचं दुकान. पंखे, वायरची बंडलं, पाणी उपसायच्या मोटारी. जुलै 2021 च्या पुरात दुकानात पाणी शिरलं, यात शंका नाही. सगळ्या गल्लीत शिरलं होतं. दुकानदारानं साडेआठ लाखांचा दावा केला आणि ईमेलनं 14 फोटो पाठवले. हाच दुकानदार 2019 मध्येही पूरग्रस्त होता आणि तेव्हाचा दावा त्याच कंपनीकडे मंजूर झाला होता.

पहिली पायरी म्हणजे फोटोच्या आत लिहिलेली माहिती वाचणं. मोबाईल फोटो काढतो तेव्हा चित्रासोबत तारीख, वेळ, फोनचं मॉडेल आणि परवानगी दिलेली असली तर ठिकाणही त्या फाईलमध्ये लिहून ठेवतो. ते वाचायला `exiftool` नावाचं फुकट मिळणारं साधन आहे. एका ओळीत काम होतं:

```
exiftool -a -G1 -s IMG_4127.JPG
```

आपल्या 14 पैकी 11 फोटोंत सगळं जुळतं. बाराव्यात मात्र हे दिसतं:

```
[IFD0]    ModifyDate       : 2021:07:27 11:42:10
[ExifIFD] DateTimeOriginal : 2021:07:27 11:42:10
[GPS]     GPSTimeStamp     : 06:12:03
[GPS]     GPSDateStamp     : 2019:08:13
```

वरच्या दोन ओळी म्हणतात 27 जुलै 2021, सकाळचे 11 वाजून 42 मिनिटं. खालच्या दोन ओळी उपग्रहाकडून आलेल्या वेळेच्या आहेत आणि ती वेळ नेहमी ग्रीनिचची असते, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे. 6 वाजून 12 मिनिटांत साडेपाच तास मिळवा, 11 वाजून 42 मिनिटं येतात. घड्याळ बरोबर जुळलं, सात सेकंदांचा फरक चालतो. पण दिनांक जुळत नाही. उपग्रहाच्या हिशेबानं फोटो 13 ऑगस्ट 2019 चा आहे, पाणी ओसरून लोक दुकानं धूत होते त्या दिवसांतला. फोनच्या घड्याळात चूक असती तर वेळही हुकली असती. फक्त तारीखच बदललेली आहे, वेळ तशीच आहे, याचा सरळ अर्थ असा की कुणीतरी फाईलमधली तारीख हातानं बदलली. एका ठिकाणी बदलली, दुसरीकडे असलेली त्याला माहीत नव्हती.

इतका सरळ पुरावा मिळणं हे नशीब. बहुतेक दाव्यांत फोटो व्हॉट्सॲपवरून येतात आणि व्हॉट्सॲप ही आतली माहिती काढून टाकतं, चित्र लहान करतं, पुन्हा दाबून साठवतं. हाती येतं ते `IMG-20210728-WA0012.jpg` अशा नावाचं काहीतरी. त्या नावातली तारीख फोटो व्हॉट्सॲपवरून आल्या-गेल्याची असते, काढल्याची नसते. 2019 चा फोटो पुतण्यानं 2021 मध्ये पाठवला तर नावात 2021 च येणार. इथं एक गोष्ट ठामपणे सांगायला हवी. आतली माहिती नसणं हा लबाडीचा पुरावा नाही. ज्याचं दुकान बुडालंय तो माणूस फोटो पाठवायला सोप्यात सोपा मार्गच धरणार. माहिती नाही म्हणून दाव्यावर फुली मारणारा सर्वेक्षक काम टाळतो आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. त्यानं करायचं ते इतकंच की मूळ फाईल मागायची: 'फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा,' किंवा फोनच घेऊन या. डॉक्युमेंट म्हणून पाठवलेली फाईल जशीच्या तशी पोचते.

तेरावा फोटो असाच व्हॉट्सॲपवरचा निघाला. आत काही नाही. आता दुसरी पायरी: हा फोटो आपल्याकडे आधी कधी आला होता का? कंपनीच्या दफ्तरात 2019 च्या दाव्याचे फोटो आहेत. फाईलशी फाईल ताडून उपयोग नाही, कारण दाबून लहान केलेली फाईल आकड्यांच्या भाषेत पूर्ण वेगळी असते. म्हणून चित्राचा ठसा काढतात. पद्धत सोपी आहे. चित्र काळं-पांढरं करायचं आणि इतकं लहान करायचं की आडवे 9 आणि उभे 8 ठिपके उरतील. मग प्रत्येक ओळीत ठिपका शेजारच्यापेक्षा उजळ आहे की अंधारा, एवढंच टिपायचं. ओळीत 8 तुलना, 8 ओळी, एकूण 64 उत्तरं. हा त्या चित्राचा ठसा. फोटो लहान केला, रंग थोडे बदलले, पुन्हा दाबला तरी त्यातली मोजकीच उत्तरं बदलतात. संबंध नसलेल्या दोन फोटोंत साधारण निम्मी, 32 च्या आसपास, उत्तरं वेगळी येतात. आपला तेरावा फोटो आणि 2019 च्या दफ्तरातला एक फोटो यांच्यात 64 पैकी फक्त 3 उत्तरं वेगळी निघाली.

इथं घाई करायची नाही. दुकान एकच, दार एकच, माणूस एकच. दारात उभं राहून त्यानं 2019 मध्ये आणि 2021 मध्ये फोटो काढला तर दोन्ही ठसे मुळातच जवळ येऊ शकतात. दुसऱ्या बाजूनं, कुणी फोटो आरशासारखा उलटा केला किंवा बराच कातरला तर तोच फोटो असूनही ठसा लांब जातो. म्हणून ठसा फक्त बोट दाखवतो, निकाल देत नाही. निकालासाठी दोन्ही फोटो शेजारी ठेवून डोळ्यांनी पाहावं लागतं. पाहायचं ते दुकान, रॅक किंवा शटर नव्हे, ते दोन्ही सालांत सारखंच असणार. पाहायचं ते पुरानं केलेलं: चिखलाच्या डागाची कड, उलटलेल्या खोक्याचा कोन, फरशीवर साचलेल्या पाण्याच्या थारोळ्याचा आकार, भिंतीवरून ओघळलेल्या रेघा. दोन पूर एका उंचीचे असू शकतात, पण दोन पुरांत एकाच जागी एकाच आकाराचं थारोळं उरत नाही. तेराव्या फोटोत कोपऱ्यातल्या पंख्याच्या खोक्याची फाटकी झाकणपट्टी 2019 च्या फोटोत होती तशीच, त्याच बाजूला वळलेली आहे. फोटो तोच आहे.

पुढचा पुरावा संगणकात नाही, भिंतीवर आहे. 2019 च्या पुरानंतर या दुकानदारानं विजेचा बोर्ड चार फूट वर नेला. पुरात बोर्ड बुडाला की पुढचे कितीतरी दिवस दुकानात उजेड नाही, हा धडा पहिल्याच पुरानं दिला होता. सर्वेक्षक दुकानात गेला तेव्हा बोर्ड वर होता आणि जुन्या जागी सिमेंट भरून रंग दिलेला चौकोन दिसत होता. तेराव्या फोटोत बोर्ड जुन्या जागी, चिखलाच्या रेघेच्या खाली आहे. म्हणजे तो फोटो बोर्ड हलवण्याआधीचा. अशा खुणा शोधायची सवय लागली की फोटो बोलायला लागतात. भिजलेलं कॅलेंडर कुठल्या महिन्यावर उघडं आहे? खोक्यावर छापलेला उत्पादनाचा महिना आणि साल कुठलं? गाडी असेल तर टायरच्या कडेवर चार आकड्यांत आठवडा आणि साल असतं. 3520 असेल तर तो टायर 2020 च्या 35 व्या आठवड्यात बनला, तो 2019 च्या फोटोत असूच शकत नाही. उलट बाजूनं मात्र हा नियम चालत नाही. 2018 चा खोका 2021 च्या पुरात भिजू शकतो, न खपलेला माल दुकानात असतोच. नवा आकडा फोटो त्या सालाआधीचा नाही हे सिद्ध करतो, जुना आकडा फक्त प्रश्न उभा करतो.

आता चौदावा फोटो. हा नवाच आहे, 2021 चाच आहे, पण त्यातली चिखलाची रेघ सर्वेक्षकाला उंच वाटते. पाण्याची एक खोड सर्वेक्षकाच्या फार कामाची असते: थांबलेल्या पाण्याची पातळी सगळीकडे एक असते. समोरच्या दुकानाचा जोता एक फूट उंच असेल तर त्याच्या फरशीपासून रेघ एक फूट कमी भरेल, पण रस्त्यापासून मोजली तर दोन्ही रेघा एकाच उंचीला येतील. गवंड्याची पाणी भरलेली लेव्हल पाईप आणि एक टेप एवढ्यावर हे काम होतं. गल्लीतल्या चार दुकानांत रेघ रस्त्यापासून साडेचार फुटांवर आहे. चौदाव्या फोटोत ती रॅकच्या चौथ्या फळीला टेकलेली दिसते; प्रत्यक्ष मोजलं तर ती फळी रस्त्यापासून सहा फुटांवर आहे. पाणी एकाच दुकानात दीड फूट जास्त चढत नाही.

मग ही रेघ आली कुठून? दोन शक्यता आहेत. एक, फोटोत फेरफार. दुसरी, रचलेलं दृश्य. फेरफार तपासताना आधी फोटो मोठा करून रेघेच्या वरचा आणि खालचा डाग ताडतात. डाग वर ओढण्यासाठी खालचाच तुकडा उचलून वर चिकटवलेला असेल, तर तोच ओघळ, तोच ठिपका दोन ठिकाणी सापडतो. रॅकच्या उभ्या कडेला तुटकपणा दिसतो, फळीच्या सावलीवरून डाग तसाच पुढे जातो. दाबाच्या फरकावरून तपासायची एक पद्धतही लोकप्रिय आहे. फोटो पुन्हा ठरावीक प्रमाणात दाबायचा आणि कुठला भाग किती बदलतो ते पाहायचं. नंतर चिकटवलेला भाग वेगळा उजळतो असं मानतात. मूळ फाईलवर तिचा थोडा उपयोग आहे. पण व्हॉट्सॲपमधून गेलेल्या फोटोत सगळाच भाग पुन्हा दाबलेला असतो, शिवाय ठळक अक्षरं आणि कडा काही न करताही उजळतात. त्या रंगीबेरंगी चित्राकडे बोट दाखवून कुणाला लबाड ठरवणं धोक्याचं आहे.

चौदाव्या फोटोत चिकटवल्याची एकही खूण नाही. तेव्हा दृश्यच रचलेलं आहे का ते पाहू. पुराचं पाणी खालून चढतं आणि हळूहळू उतरतं. त्यामुळं गाळ पातळ आणि सारखा बसतो, फळीच्या वरच्या बाजूवर जास्त आणि उभ्या बाजूवर कमी. पुठ्ठ्याचा खोका खालून पाणी शोषतो, तळ फुगतो आणि पाण्याच्या रेघेच्या वर चार-सहा इंच ओलीची वेडीवाकडी कड चढते. बंद खोक्यात, पंख्याच्या मोटारीच्या आतसुद्धा, बारीक गाळ सापडतो. बादलीनं किंवा हातानं फेकलेला चिखल असा बसत नाही. तो शिंतोड्यांनी बसतो, एका बाजूनंच बसतो आणि मागची बाजू कोरडी राहते. चौदाव्या फोटोत चौथ्या फळीवरच्या तीन खोक्यांची समोरची बाजू चिखलानं माखलेली आहे, पण त्यांच्याखालची फळी कोरडी आणि खोक्यांचे तळ टणक, काटकोनी आहेत. सर्वेक्षकानं खोके उघडायला सांगितले. आत पंखे नवेकोरे.

गाडीच्या दाव्यात हीच तपासणी वेगळ्या जागी होते. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढायचा, गालिचा उचलायचा, दाराचं आतलं आवरण काढायचं, दिव्याच्या काचेत पाहायचं, एअर फिल्टर पाहायचा. पाण्यात बुडालेल्या गाडीच्या सीटबेल्टवर गुंडाळलेल्या भागातही गाळाची रेघ असते. चिखल फेकणारा तिथपर्यंत पोचत नाही.

या दाव्यात काय निष्पन्न झालं? 14 पैकी 11 फोटो खरे. दुकानात पाणी आलं होतं, मालही भिजला होता. बँकेच्या कॅश क्रेडिटसाठी दुकानदार दर महिन्याला मालाचं पत्रक देत असे. जूनच्या पत्रकातला माल आणि जीएसटीची खरेदी बिलं ताडली तेव्हा खरं नुकसान पाच लाखांच्या आसपास बसलं. राहिलेल्या साडेतीन लाखांसाठी दोन जुने फोटो आणि एक रचलेली फळी.

इथं या विषयातली सगळ्यात क्रूर गोष्ट येते आणि ती फार थोड्या दुकानदारांना ठाऊक असते. आगीच्या आणि तत्सम संकटांच्या नेहमीच्या पॉलिसीत एक अट असते. दावा कुठल्याही बाबतीत लबाडीचा असेल, किंवा त्यासाठी खोटी साधनं वापरली असतील, तर पॉलिसीखालचे सगळे लाभ जप्त होतात. साडेतीन लाख कापून पाच लाख हातात मिळतील, असा हिशेब तिथं नाही. पाचही लाख जाऊ शकतात. पुरात बुडालेला माणूस तीन फोटोंपायी दुसऱ्यांदा बुडतो.

म्हणूनच 'जुना फोटो' आणि 'लबाडी' यांच्यामध्ये एक पायरी असायला हवी. तेरावा फोटो चुकून आलेला असू शकतो. पुतण्याला सांगितलं, 'दुकानाचे पुराचे फोटो पाठव,' आणि त्यानं गॅलरीत सापडेल ते पाठवलं, हे घडतं. सर्वेक्षकानं दुकानदाराला फोटो दाखवून विचारायला हवं, 'काका, हा बोर्ड इथं कसा?' आणि उत्तर लिहून घ्यायला हवं. बाराव्या फोटोला असं उत्तर नाही, कारण तारीख आपोआप बदलत नाही. चौदाव्यालाही नाही. दोन फोटोंत हेतू दिसतो, एकात चूक असू शकते. अहवालात हा फरक नोंदवणं हे सर्वेक्षकाचं काम आहे, सगळ्यांवर एकच शेरा मारणं नव्हे. आणि त्याचा अहवाल म्हणजे अखेरचा शब्दही नाही. सर्वोच्च न्यायालयानं 2009 मध्ये न्यू इंडिया ॲश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या खटल्यात म्हटलं की सर्वेक्षकाचा अहवाल महत्त्वाचा, पण त्यापासून ढळताच येत नाही इतका पवित्र नाही. दावा फेटाळला तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे किंवा जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं.

जगभर हे प्रकार वाढताहेत. ब्रिटनमध्ये अलियान्झ कंपनीनं सांगितलं की मोबाईलवरच्या साध्या साधनांनी फोटो बदलून केलेल्या दाव्यांत 2021-22 ते 2022-23 या काळात 300 टक्के वाढ झाली. आता तर नसलेली तडा गेलेली काच आणि नसलेला चिखल संगणक मिनिटात काढून देतो. अशा चित्रात चिकटवल्याची खूण शोधून सापडत नाही, कारण चिकटवलेलं काही नसतंच. तिथं शेवटी टेप, लेव्हल पाईप, उघडलेला खोका आणि बँकेचं पत्रक हेच उपयोगी पडतात. फोटो कितीही हुबेहूब असला तरी शेजारच्या चार दुकानांतली रेघ तो बदलू शकत नाही. माझं म्हणणं कंपन्यांना एवढंच आहे की फोटो तपासायची साधनं जरूर घ्या, पण पुरानंतर माणूस दारात पाठवणं थांबवू नका. खऱ्या पूरग्रस्ताचा बचाव त्यातच आहे.

आणि दुकानदारांना, घरमालकांना. दिवाळीत साफसफाई होते, रॅक लागतात, लक्ष्मीपूजनाला दुकान भरलेलं असतं. त्याच दिवशी मोबाईल घ्या आणि दुकानाच्या चारही भिंती, प्रत्येक रॅक, विजेचा बोर्ड आणि मीटर यांचे फोटो काढा. मोबाईलमध्ये ठिकाणाची नोंद चालू ठेवा. फोटो कातरू नका, त्यावर अक्षरं लिहू नका, मूळ फाईल पुसू नका, आणि एक प्रत ईमेलनं स्वतःलाच पाठवून ठेवा. पाणी आलंच तर ओसरताना शेजारच्या दुकानासह रेघेचा फोटो काढा, टेप लावून. माल टाकण्याआधी खोक्यांचे तळ आणि आतला गाळ दिसेल असे फोटो घ्या. 2019 आणि 2021 चे फोटो आजच वेगळ्या फोल्डरमध्ये साल लिहून ठेवा, म्हणजे घाईत कुणाच्याही हातून चुकीचा फोटो जाणार नाही. आणि फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणूनच पाठवा.